गव्हाणीभोवतीचा गोठा

दिवाळीच्या किल्ल्यावर प्रमाणाचा विचार कुणी करत नाही. महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, पायथ्याचा वाघ हत्तीला भारी पडतो आणि मावळ्याला महादरवाजातून आत जायचं तर आडवं होऊन सरपटावं लागेल. किल्ल्याला ते शोभून दिसतं, कारण किल्ला चहूबाजूंनी हिंडत बघायचा असतो आणि प्रत्येक चित्र तिथे आपापल्या जागी राजा असतं. नाताळचा गोठा मात्र समोरून, एका जागी बसून, आत डोकावत बघायचा असतो. नजर कुठूनही शिरली तरी शेवटी एका ठिकाणी पोहोचली पाहिजे आणि ते ठिकाण म्हणजे गव्हाण. मरिया, योसेफ, मेंढपाळ, बैल, छप्पर, दिवा हे सगळं त्या दोन-अडीच इंचांच्या वस्तूसाठी आहे. घरी गोठा करताना हे एवढं ध्यानात राहिलं, तर सामान अगदी साधं असलं तरी चालतं. हे सुटलं, तर महागड्या सेटचीही नुसती मांडामांड होते.

वसईत, मुंबईच्या जुन्या गावठाणांत, गोव्यात डिसेंबरमध्ये असे गोठे घरोघरी दिसतात. कुठे अंगणात माणूस आत जाऊन बसेल एवढे, कुठे टीव्हीशेजारच्या कपाटावर मावतील एवढे. इथे कपाटावरच्या गोठ्याबद्दलच बोलू. दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद जागा त्याला पुरते.

आधी एक प्रश्न निकालात काढायला हवा. गोठा दिसायला कसा असावा? शुभवर्तमानात याचं वर्णन शोधायला गेलं तर हाती फार कमी लागतं. लूक सांगतो की मरियेने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. बस्स. गोठ्याचा उल्लेख नाही, छपराचा नाही, बैलाचा नाही, गाढवाचाही नाही. बैल आणि गाढव आले ते जुन्या करारातल्या यशयाच्या एका वचनाच्या आधाराने. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, असं ते वचन आहे. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक मत्तयच्या वृत्तान्तात आहेत, पण किती जण आले हे तो सांगत नाही. भेटी तीन होत्या म्हणून माणसं तीन धरली गेली. शिवाय ते गोठ्यात नव्हे, घरात आले असं तो म्हणतो. बेथलेहेमला आज जन्मस्थान म्हणून दाखवतात ती तर गुहा आहे आणि गुहेची परंपरा थेट दुसऱ्या शतकापर्यंत मागे जाते.

म्हणजे लाकडी खांबांचा, उतरत्या छपराचा जो गोठा आपण शुभेच्छापत्रांवर बघतो, तो युरोपातल्या चित्रकारांनी आपापल्या गावच्या गोठ्यांवरून रंगवलेला आहे. मग आपणही आपल्याकडचाच गोठा का करू नये? कुडाच्या भिंती, वासे, भाताच्या पेंढ्याने शाकारलेलं छप्पर. कोकणात नि वसईच्या पट्ट्यात असे गोठे आजही एखाद्या वाडीत दिसतात आणि पेंढ्यासारखी वस्तू तर डिसेंबरात, नुकत्याच झालेल्या झोडणीमुळे, ताजी मिळते. माझ्या मते बाजारातल्या प्लायवूडच्या स्विस झोपडीपेक्षा हा गोठा लूकच्या जास्त जवळ जातो, कारण त्यात खरोखर गुरं राहत असतील असं वाटतं. कापसाचा बर्फ त्यावर नको, हे वेगळं सांगायला नको. तो शोभत नाही ही गोष्ट राहूच द्या, पण कापूस पेट चटकन घेतो आणि खाली पेंढा असतो.

या साधेपणाला मोठा आधारही आहे. 1223 सालच्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगरी गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाणीचा देखावा उभा केला. घरोघरच्या गोठ्यांची परंपरा तिथून सुरू झाल्याचं मानतात. त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस याने जे लिहून ठेवलं आहे त्यात सामानाची यादी अगदी छोटी आहे: एक गव्हाण, तिच्यात वाळलेलं गवत, एक जिवंत बैल आणि एक जिवंत गाढव. मूर्ती नव्हत्या. बाळाचीही नव्हती. लोक मशाली नि मेणबत्त्या घेऊन रात्री जमले आणि त्या गव्हाणीपाशीच मिस्सा झाली. ते गवत नंतर गावकऱ्यांनी जपून ठेवलं आणि आजारी गुरांना खाऊ घातलं, असंही थॉमस नोंदवतो. नेपल्समध्ये पुढे याचंच एवढं मोठं प्रस्थ झालं की अठराव्या शतकातल्या तिथल्या देखाव्यांत मासळीवाले, गवई, खानावळी असा अख्खा बाजार भरलेला असायचा आणि त्या गर्दीत गव्हाण शोधावी लागायची. कारागिरी म्हणून ते अफाट आहेच. पण घरी दोन फुटांत गोठा करायचा तर ग्रेच्चोचा धडा गिरवलेला बरा.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात गोठ्याने करायची नाही, माणसाने करायची. बहुतेक जण आधी खोकं कापतात, छप्पर चढवतात आणि मग बाजारातून आणलेला योसेफ छपराला डोकं टेकवून उभा राहतो. सोपा हिशेब असा की खऱ्यातला एक फूट म्हणजे आपला एक इंच. साडेपाच फुटांचा योसेफ साडेपाच इंचांचा झाला. गुडघे टेकून बसलेली मरिया चार इंचांची. बैल खांद्यापाशी चार ते साडेचार इंच, गाढव साडेतीन, मेंढी अडीच. नुकतं जन्मलेलं बाळ साधारण दीड-पावणेदोन इंचांचं येतं, पण इथे थोडी सूट घेऊन दोन इंच धरावं, कारण शेवटी तेच दिसायला हवं. गव्हाण तीन इंच लांब. हे ठरलं की गोठ्याची मापं आपोआप ठरत जातात.

माणसं बाजारातून आणता येतातच. पण साध्या आकृत्या घरी करणं अवघड नाही आणि त्यांचा एक फायदा मोठा आहे: त्या कुठे बघतात हे आपल्या हातात राहतं. योसेफासाठी जाड कार्डपेपरवर पाच इंच त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि त्याचा फक्त पाव भाग कापून घ्या. त्याच्या दोन सरळ कडा जोडल्या की जवळजवळ पावणेपाच इंच उंच आणि तळाशी अडीच इंच रुंद असा निमुळता शंकू होतो. अर्ध्या वर्तुळाचा केला तर तो तळाशी पाच इंच पसरतो आणि योसेफ तंबूसारखा दिसतो, म्हणून पावच. आत थोडी वाळू भरून तळाला कागद चिकटवायचा, म्हणजे धक्का लागला तरी आकृती लवंडत नाही. डोक्याला पाऊण इंचाचा लाकडी मणी. माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं असतं, त्या हिशेबाने हे माप बरोबर बसतं. मोठा मणी घेतला की आकृती बाहुलीसारखी गोड दिसायला लागते. तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी.

मरियेचा शंकू साडेतीन इंच त्रिज्येच्या पाव वर्तुळाचा. ती गुडघ्यांवर बसलेली आहे, म्हणून शंकूच्या मागच्या बाजूला, तळाशी, कागदाचा बोळा चिकटवून पाय दुमडल्याचा फुगवटा द्यायचा. आता डोकं. मण्याच्या भोकातून टूथपिक घालून ती शंकूच्या टोकात खुपसायची असते. इथे क्षणभर थांबायला हवं. टूथपिक सरळ उभी खुपसली तर मरिया समोर, म्हणजे आपल्याकडे, बघत राहते, फोटोसाठी बसल्यासारखी. तीच टूथपिक गव्हाणीच्या दिशेने कलती केली, साधारण घड्याळातल्या एकच्या काट्याएवढी, की चेहरा नसूनही ती बाळाकडे बघते आहे हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. डोळे, नाक, ओठ काढायची गरजच उरत नाही, आणि काढूही नयेत. एवढ्याशा मण्यावर ब्रशने काढलेले डोळे हमखास दचकल्यासारखे दिसतात. गोंद वाळायच्या आत आकृती गव्हाणीच्या जागेसमोर ठेवून मान वळवून घ्यावी.

कपड्यांसाठी जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा उत्तम. फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून त्यात कापड बुडवायचं, दोन बोटांत धरून निथळून घ्यायचं आणि डोक्यावरून खाली सोडायचं. मरियेच्या डोक्यावरचं कापड गालांपाशी जरा पुढे ओढून घेतलं की कपाळावर सावली पडते. ती पुढे दिव्यात फार कामाला येते. चुण्या काडीने पाडायच्या, वरून खाली, आणि थोड्याच. खाली प्लॅस्टिकचा कागद ठेवून रात्रभर वाळू दिलं की कापड कडक होतं आणि चुण्या तशाच राहतात. कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं असेल तर हे जमत नाही, ते गोंद पीत नाही आणि फुगून वर येतं. ओळखायला कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघावा. लगेच मुरला तर कापड कामाचं, मण्यासारखा वर बसून राहिला तर दुसरं शोधावं. रंग पोस्टर कलरचेच बरे, कारण ते वाळल्यावर चकाकत नाहीत. मरियेला निळा शालू आणि योसेफाला तपकिरी अंगरखा ही जुनी रीत आहे. बाळासाठी मात्र शंकू नको. बोटभर कापडाची घट्ट गुंडाळी आणि तिच्या टोकाला छोटा मणी. लूकने सांगितलेलं बाळंतं ते हेच.

जनावरं घरी करणं जास्त कठीण जातं. बैलाची सोय आपल्याकडे आधीच झालेली असते. पोळ्याला मिळणारी मातीची बैलजोडी जपून ठेवली असेल तर त्यातला चार इंचांचा एक बैल इथे चपखल बसतो; शिंगांचा नि झुलीचा भडक रंग मातकट रंगाने जरा दबवला की झालं. गाढव सहसा मापाचं मिळत नाही. त्यावर एक युक्ती आहे. जाड पुठ्ठ्यातून त्याची फक्त मान नि डोकं कापायचं, राखाडी रंगवायचं आणि मागच्या कोपऱ्यातल्या खांबाआडून डोकावत ठेवायचं. अंधाऱ्या कोपऱ्यात ते पुरं जनावर वाटतं. बैलही गव्हाणीच्या मागेच हवा. पुढे ठेवला तर त्याच्या पाठीआड बाळ झाकलं जातं.

गोठ्याची जमीन चौदा इंच रुंद आणि नऊ इंच खोल धरू. छप्पर एकपाखी करायचा मोह होतो, कारण ते सोपं. पण पुढे उंच, मागे उतरतं असं एकपाखी छप्पर केलं तर शाकारलेला पेंढा समोरून दिसतच नाही. आणि उलटं, पुढे उतरतं केलं तर ते आतल्या माणसांवर झापडासारखं येतं. म्हणून दुपाखी करावं, पण आढं मधोमध न ठेवता पुढे आणावं. पुढचे खांब साडेसात इंचांचे. तिथून तीन इंच आत आढं, साडेदहा इंच उंचीवर. मागची भिंत साडेपाच इंच. यात पुढची पाख आखूड होते, वळचणीसकट पाच इंच, आणि मागची साडेआठ इंच. समोरून पेंढ्याचं छप्पर दिसतं, योसेफाच्या डोक्यावर मोकळी जागा राहते आणि पुढच्या वळचणीच्या आतल्या अंगाला दिवे लपवायला आडोसा मिळतो. खरं सांगायचं तर पुढची पाख असते त्या आडोशासाठीच.

खांबांना पेरूच्या किंवा करंजाच्या पेन्सिलीएवढ्या सरळ काटक्या चालतात. मागच्या नि बाजूच्या भिंती खोक्याच्या पुठ्ठ्याच्या. त्यांवर खराट्याचे हीर कापून उभे, एकाला एक लावून चिकटवायचे आणि तीनचार ठिकाणी सुतळीचा पदर आडवा घालायचा, म्हणजे कूड दिसतो. वरून तांबडी माती चाळून, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून, हाताने लिंपायची. हीर मधूनमधून उघडे राहिले तर चांगलंच. नुसत्या पाण्यात कालवलेली माती वाळली की तडकते आणि पुढचा आठवडाभर पोपडे पडत राहतात, म्हणून त्यात गोंद हवाच. दुसरी अडचण पुठ्ठ्याची. एका बाजूने ओला झाला की वाळताना तो वाकतो आणि भिंत धनुष्यासारखी होते. मागच्या बाजूलाही त्याच मातीचा पातळ हात फिरवला तर दोन्हीकडून सारखी ओढ बसते आणि भिंत सरळ राहते. मागच्या भिंतीत दोन इंचांची एक खिडकी आधीच कापून ठेवावी. थर्माकोल या सगळ्यापासून दूर ठेवलेला बरा. ग्लू गनच्या टोकाने तो वितळतो, स्प्रे पेंटने विरघळतो आणि पेटला तर विझवणं कठीण.

पेंढा तबेल्यातून किंवा गुरं पाळणाऱ्या कुणाकडूनही ओंजळ-दोन ओंजळी मागून आणता येतो. आणल्याबरोबर दोन दिवस कडक उन्हात पसरायचा आणि मधूनमधून झटकायचा. दमट पेंढा घरात आला की त्याला बुरशीचा कुबट वास येतो, बारीक किडे निघतात आणि त्यात भाताचे दाणे राहिले असतील तर उंदरांनाही पत्ता लागतो. वाळलेल्या पेंढ्याची काडी वाकवली तर कट्‌कन मोडते. नुसती लवली तर अजून ऊन हवं.

पण तो जसाच्या तसा गोठ्यात टाकायचा नाही. भाताची काडी तीन-चार मिलिमीटर जाड असते. आपल्या मापात ती खऱ्या गोठ्यातल्या दीड इंची पाइपाएवढी होते! बाळ अशा नळ्यांवर झोपलेलं बरं दिसत नाही. जमिनीवर पसरायचा पेंढा पाट्यावर लाटण्याने दाबून चपटा करावा, नखाने उभा चिरून त्याच्या बारीक पट्ट्या काढाव्यात आणि इंच-दीड इंचाचे तुकडे करावेत. गव्हाणीसाठी त्याहूनही बारीक, कात्रीने कुटी केल्यासारखा. हेच काम वेळ खातं आणि मुलांना द्यायला हेच काम चांगलं आहे. अनेक कॅथलिक घरांत आगमनकाळाच्या चार आठवड्यांत मुलांनी एकेक चांगलं काम करावं आणि त्याबद्दल गव्हाणीत एकेक काडी टाकावी, अशी पद्धत असते. गव्हाण पंचवीस तारखेपर्यंत मऊ व्हायला हवी, हा त्यातला हिशेब.

शाकारणी मात्र चपट्या पेंढ्याची नाही, अख्ख्या काड्यांची करायची. तीन इंच लांबीच्या काड्यांच्या पातळ पेंड्या घ्यायच्या आणि वळचणीपासून सुरुवात करायची. पहिली ओळ खाली, फक्त वरच्या टोकाला गोंद लावून. दुसरी ओळ तिच्यावर सव्वा इंच चढवून. मग तिसरी, चौथी. पुढच्या पाखेला चार ओळी पुरतात. खरा शाकारणीवालाही असंच खालून वर जातो, कारण वरच्या ओळीवरून ओघळलेलं पाणी खालच्या ओळीवर पडायला हवं. आपल्या गोठ्यावर पाऊस पडणार नसला तरी वरून खाली शाकारलेलं छप्पर बघणाऱ्याला उलटं वाटतं, काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी. आढ्यावर दोन्ही पाखांच्या काड्या जिथे भेटतात तिथे एक आडवी पेंडी बांधून टाकायची. वळचणीची कड कात्रीने सरळ रेषेत कापू नये. छप्पर भिंतींना चिकटवू नये, नुसतं वर टेकवावं. दिवे लावताना ते काढता यायला हवं.

आणि आता दिवा. सारा गोठा इथे घडतो किंवा बिघडतो.

गोठ्यातला उजेड कुठून यावा, याबद्दल चित्रकलेत एक जुनी कल्पना आहे. स्वीडनची संत ब्रिजिट 1372 साली बेथलेहेमला गेली होती. तिथे झालेल्या दर्शनाचं वर्णन तिने सांगितलं, त्यात योसेफाने हातात मेणबत्ती आणली आहे, पण जन्मलेल्या बाळातूनच एवढा प्रकाश निघतो आहे की ती मेणबत्ती असून नसल्यासारखी होते. त्यानंतरच्या चित्रांत हा प्रकाश वारंवार दिसतो. डच चित्रकार गीर्टगेन याचं 1490 च्या सुमाराचं एक छोटं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात सगळं काळोखात बुडालेलं आहे, गव्हाणीतून उजेड वर येतो आणि मरियेचा चेहरा खालून उजळतो. दूर टेकडीवर मेंढपाळांपाशी एक देवदूत चमकतो, तोही या उजेडापेक्षा मंद. घरच्या गोठ्यात नेमकं हेच करता येतं आणि त्यासाठी दीडशे-दोनशे रुपयांच्या आतली तांब्याच्या तारेची, पेन्सिल सेलवर चालणारी वीस दिव्यांची माळ पुरते.

माळ घेताना पाकिटावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं बघून घ्यायचं. जिथे आकडा दिलेला असतो तिथे 2700 केल्विनच्या आसपासचा हवा. 6500 चा पांढराशुभ्र दिवा पेंढ्यावर पडला की पेंढा राखेच्या रंगाचा दिसतो आणि गोठा दवाखान्यासारखा. लुकलुकणारी माळही नको. तिच्यावर स्थिर उजेडाचं बटण असेल तर ठीक, नसेल तर तशीच परत करावी.

माळेचं एक टोक जमिनीखालून आणून गव्हाणीच्या तळातून वर काढायचं. एकच दिवा आत ठेवायचा, त्यावर बटर पेपरचा दुहेरी तुकडा आणि त्यावर बारीक पेंढा. दिव्याचा ठिपका दिसता कामा नये. पेंढा आतून उजळल्यासारखा दिसला पाहिजे. तीन-चार दिवे पुढच्या वळचणीच्या आतल्या बाजूला, उजेड मागे नि खाली जाईल असे. बाकीच्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी. वीसपैकी पंधरा दिवे बुजवायचे हे ऐकून दुकानदाराला वाईट वाटेल, पण या गोठ्याला उजेड कमी पडत नाही, जास्तच होतो. वळचणीचे दिवे गव्हाणीहून मंद असायला हवेत. तसे नसतील तर त्यांवरही बटर पेपर चढवावा. मागच्या खिडकीबाहेर एक निळसर दिवा ठेवला तर बाहेर रात्र आहे हे कळतं आणि त्या निळ्याशेजारी आतला पिवळा उजेड जास्त ऊबदार वाटतो.

मग खोलीतले दिवे मालवून, गोठ्याच्या उंचीला डोळे येतील असं बसून, डोळे किलकिले करून बघायचं. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि उजेडाचे फक्त गोळे उरतात. त्यातला सगळ्यात ठळक गोळा गव्हाणीपाशी असेल तर काम झालं. योसेफाच्या डोक्यावर किंवा छपराच्या कडेवर असेल तर वळचणीचा दिवा फार पुढे आला आहे. मागच्या भिंतीवर बैलाची भलीमोठी सावली नाचत असेल तर बैल गव्हाणीतल्या दिव्याला फार खेटून उभा आहे. त्याला इंच-दीड इंच मागे सरकवायचं. मरियेचा चेहरा अजिबात उजळत नसेल तर ती दूर आहे. तिला इतकं जवळ घ्यायचं की तिच्या डोक्यावरच्या कापडाची कड उजेडात आणि कपाळ सावलीत राहील. बुचकळून कडक केलेल्या त्या साध्या चुण्यांना खालून उजेड मिळाला की त्या कोरल्यासारख्या दिसतात. दुपारच्या उजेडात त्याच आकृत्या शाळेच्या हस्तव्यवसायासारख्या दिसतात, हेही खरं.

आगीचं भान मात्र सतत ठेवायचं. सेलवरची एलईडी माळ फारशी तापत नाही, म्हणूनच ती पेंढ्यात पुरता येते. जुन्या पद्धतीचे, तार लाल होणारे छोटे बल्ब तापतात. ते पेंढ्याला टेकले की आधी तपकिरी डाग पडतो आणि मग धूर. पणती, मेणबत्ती, उदबत्ती लावायची असेल तर गोठ्यापासून चांगली लांब, आणि पडद्याखाली तर गोठा मांडूच नये. बटणासारखे चपटे सेल घालायची माळ लहान मुलांच्या घरात आणू नये. तसला सेल गिळला गेला तर आतून जखम करतो.

हिरवळीची तयारी आठ-दहा दिवस आधी, म्हणजे चौदा-पंधरा तारखेला करावी लागते. गोव्यात नि मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत यासाठी नाचणी पेरतात. नाचणी रात्रभर भिजवायची, करवंट्यांत किंवा पसरट ताटलीत बोटाच्या पेराएवढी माती घालून वर दाट पसरायची, मोड येईपर्यंत झाकून ठेवायची आणि मग उजेडात आणायची. रोज पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. पाणी साचलं की मुळांशी पांढरी बुरशी धरते आणि रोपं मुळापासून आडवी होतात. नाताळपर्यंत दोन इंचांची मऊ, पोपटी लव येते. आपल्या मापात ती योसेफाच्या गुडघ्याच्या वर जाते, म्हणून ती गोठ्याच्या अगदी तोंडाशी नको. बाजूला नि मागे, मेंढपाळांच्या वाटेवर ठेवावी.

गोठा मांडून झाला तरी चोवीस तारखेपर्यंत गव्हाण रिकामी असते. बाळ ठेवायचं ते मध्यरात्रीच्या मिस्सेहून परत आल्यावर, आणि बहुतेक घरांत तो मान सगळ्यात लहान मुलाचा. गव्हाणीतला दिवाही तेव्हाच लावावा. त्याआधी फक्त वळचणीचे. तीन राजे त्या रात्री गोठ्यात नसतात. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवायचं आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवत सहा जानेवारीला गोठ्यापाशी आणायचं. तो त्यांचा सण. गोव्यात त्यांच्याच नावाचं रेइश मागुश हे चर्च मांडवीच्या काठावर आहे. मुलांना हा प्रवास फार आवडतो आणि एखादा राजा वाटेत गायब होऊन सोफ्याखाली सापडतो, हेही होतंच.

राजे येऊन गेले की त्यानंतरच्या रविवारी, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या सुमाराला, गोठा उतरवतात. माळेतले सेल आधी काढायचे, नाहीतर वर्षभरात ते पाझरून खोबणी गंजवतात. आकृत्या वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, त्याची शाई मलमलीला लागते. जुन्या सुती कापडात गुंडाळून उभ्याच खोक्यात ठेवाव्यात. पोळ्याच्या बैलाला वेगळं खोकं, कारण तो कच्च्या मातीचा आणि शिंगं आधी मोडतात. छपरावरचा पेंढा वर्षभर टिकतो. जमिनीवरचा मात्र टाकूनच द्यावा, कारण त्यात धूळ नि दमटपणा बसलेला असतो. रंग किंवा गोंद लागला नसेल तर तो कुंड्यांत आच्छादन म्हणून चालतो आणि नाचणीची करवंटीही मातीसकट तिथेच रिकामी करता येते.